सर येते, झड लागते

वाशीम जिल्ह्यात घडणारी पावसाळ्यातली एखादी गोष्ट लिहायला घेतली, की लेखकासमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो पावसाला काय म्हणायचं हा. मराठीत शब्दांची वाण नाही. भुरभुर, रिमझिम, रिपरिप, पिरपिर, सर, शिरवा, संततधार, झड, मुसळधार, धो धो. शब्दकोशात हे सारे एकाच अर्थाच्या छटा म्हणून उभे केलेले असतात, आणि त्यामुळे ते एका चढत्या पट्टीवर मांडता येतील असं वाटू लागतं: भुरभुर म्हणजे थोडा पाऊस, मुसळधार म्हणजे पुष्कळ, बाकीचे मधले. या प्रकरणात मला उलटी बाजू मांडायची आहे. शेतीवर जगणाऱ्या वऱ्हाडात हे शब्द किती पाऊस पडला ते सांगत नाहीत. थेंब केवढा होता, पाऊस किती वेळ टिकला आणि त्याने जमिनीचं व कामाचं काय केलं, हे ते सांगतात. म्हणूनच गोष्टीत त्यांची अदलाबदल करता येत नाही. शब्द बदलला तर दुसऱ्या दिवशी पात्रं काय करतील तेही बदलतं. हे तपासायला सोयाबीनचा एक हंगाम पुरेसा आहे, कारण जिल्ह्याचं खरिपाचं मुख्य पीक तेच आहे. सोयीसाठी अशी गोष्ट कल्पू: रिसोड तालुक्यातलं एक घर, बाप आणि लेक, पाच एकर रान. त्यातली दोन एकर खाली पैनगंगेकडे उतरणारी भारी काळी, आणि तीन एकर वरच्या अंगाची बरड, म्हणजे हलकी, मुरमाड.

गोष्ट मृगात सुरू होते. सूर्य मृग नक्षत्रात ७-८ जूनच्या सुमारास जातो आणि घरोघर पेरणीच्या हिशेबाला सुरुवात होते. आभाळ भरून येतं आणि दोन दिवस रिमझिम चालू राहते. रान काळंभोर दिसतं, मातीचा वास सुटतो, तिफण बाहेर निघते. लेक विचारतो, "बा, पेरून टाकू का?" बाप वावरात जाऊन खुरप्याने माती उकरतो आणि म्हणतो, "थांब रे. वरवरच भिजलं हाये, खाली कोरडंच हाये." या दोन वाक्यांत रिमझिम या शब्दाचा सगळा शेतकी अर्थ आला. रिमझिमीचे थेंब बारीक असतात, पाणी हळू उतरतं, आणि उन्हाळाभर तापून भेगाळलेल्या काळ्या मातीला ते वरच्या दोन-चार बोटांपलीकडे पुरत नाही. सोयाबीनचं बी तीन ते पाच सेंटिमीटर खोल पडतं. तेवढ्या ओलीत ते फुगतं, कोंब काढतं, पण मुळाला खाली उतरायला ओल सापडत नाही. पुढे पावसाने आठवडाभर दडी मारली की कोंब करपतो आणि दुबार पेरणी येते. कृषी खातं दरवर्षी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सांगतं ते याचसाठी. म्हणजे रिमझिम हा शब्द कानाला कितीही गोड लागला तरी जूनच्या गोष्टीत तो मोहाचा शब्द आहे. तो पेरणीकडे ओढतो आणि फसवतो. श्रावणातल्या गोष्टीत तोच शब्द निर्धास्त वापरता येतो, कारण तेव्हा पीक उभं असतं, खाली ओल असते आणि बारीक पाऊस पानांवरून निथळत मुळाशी जातो.

आता समजा बाप थांबला, दोन चांगले पाऊस झाले, वाफसा आला. वाफसा म्हणजे मातीत पाणी आणि हवा दोन्ही पुरेशी असण्याची स्थिती. मूठभर माती दाबून लाडू वळावा आणि हातातून सोडला की तो फुटावा, ही तिची साधी परीक्षा. लाडू फुटला नाही, चिकटून राहिला, तर वाफसा अजून आलेला नाही. पेरणी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी सर आली, अर्धा तास कोसळली आणि लख्ख ऊन पडलं. पाऊस मोजला तर जेमतेम वीस-पंचवीस मिलिमीटर, हवामान खात्याच्या वर्गवारीत मध्यम. पण पाच-सहा दिवसांनी तासांत रोपं दिसत नाहीत, आणि वऱ्हाडी माणूस म्हणतो, बी दडपलं. हे कसं झालं ते थेंबाच्या आकारातून कळतं. हवामानशास्त्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान थेंबांना भुरभुरीत धरतं. अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने खाली येतो, तर जोरदार सरीतला पाच मिलिमीटरचा थेंब सुमारे नऊ मीटरने. व्यास दहापट म्हणजे वजन हजारपट, आणि माराची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. दोन्ही मिळून मोठ्या थेंबाचा घाव लहान थेंबाच्या जवळपास वीस हजार पट बसतो. त्या घावाने नुकत्याच पेरलेल्या रानातली ढेकळं फुटतात, बारीक कण पाण्यात मिसळून रंध्रं बुजवतात आणि मागाहून ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. सोयाबीनचा कोंब आपल्या दोन जाड दळांना घेऊन वर येतो. तो पापुद्र्याखाली मान मोडून पडतो. तेवढंच वीस-पंचवीस मिलिमीटर पाणी रात्रभराच्या रिपरिपीत पडलं असतं तर हीच पेरणी साधली असती. सर आणि रिपरिप यांतलं अंतर प्रमाणाचं नसून माराचं आहे, आणि तो मार भाषेने नादातच धरून ठेवला आहे.

या शब्दांच्या जोडीला कोणतं क्रियापद येतं तेही पाहण्यासारखं आहे, कारण पावसाचा काळातला आकार तिथे दिसतो. सर येते आणि जाते. भुरभुर चालू असते. झड लागते. ढग फुटतो. पाऊस दडी मारतो, उघाड देतो. ‘लागणे’ हे क्रियापद मराठी जिथे वापरते तिथे बहुधा न सुटण्याची भावना असते. नाद लागतो तसा ध्यास लागतो, आणि तशीच झड लागते. वऱ्हाडीत तर पावसाला पाऊसही फारसं म्हणत नाहीत, पाणी म्हणतात. ‘पाणी आलं’, ‘पाणी येऊन राह्यलं’. ‘राह्यलं’मधली चालू राहण्याची जाणीव झडीचं वर्णन करताना आपोआप उपयोगी पडते. वाशीमच्या गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी ‘धुवाधार पर्जन्यवृष्टी होत आहे’ असं वाक्य घातलं तर ते खोटं वाटतं, कारण पर्जन्यवृष्टी हा वर्तमानपत्राचा आणि कचेरीचा शब्द आहे. पण केवळ बोली रंगवायला ‘पाणी’ घालूनही भागत नाही. पात्राने येणारं, पडणारं, लागलेलं की उघडलेलं पाणी म्हणायचं, यावर त्या दिवशी बैल जुंपायचे की गोठ्यात ठेवायचे हे ठरतं.

या सगळ्या शब्दांत विदर्भाने ज्याला सर्वांत जास्त वजन दिलं आहे तो शब्द म्हणजे झड. झड म्हणजे तीन, चार, कधी आठ दिवस सूर्य न दाखवता पडत राहणारा पाऊस. मध्ये जोर येतो, मध्ये नुसती भुरभुर होते, पण आभाळ उघडत नाही आणि माती सुकत नाही. जोर हा झडीचा गुण नाही. उघाड नसणं हा आहे. आता आपल्या गोष्टीतल्या खालच्या दोन एकरांत काय होतं ते पाहू. जुलै संपत आला आहे, सोयाबीन गुडघ्याला आलं आहे, आणि झड लागली. भारी काळी माती कोरडी असताना भेगांतून पाणी घटाघट पिते, पण एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. मातीतल्या हवेची जागा पाणी घेतं. मुळांना श्वासाला प्राणवायू लागतो, आणि सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र पकडणाऱ्या जिवाणूंनाही तो लागतो. हवा तुटली की गाठी काम थांबवतात, झाडाला नत्र मिळेनासा होतो आणि काही दिवसांत पानं पिवळी पडू लागतात. शेतकरी म्हणतो, वावर चिबडलं. याच काळात डवरणी करता येत नाही, कारण ओल्या मातीत डवरा चालत नाही. निंदणाला बाया उतरू शकत नाहीत. फवारणी केली तर धुऊन जाते. तणाला मात्र असली कुठलीच अडचण नसते. पेरणीपासूनचा पहिला महिना-दीड महिना पिकाला तणाशी झुंजावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच माणसाचा हात अडकून पडतो. मजुरी बुडते, आणि त्याची झळ घरातल्या चुलीपर्यंत पोचते. पावसाळी गोष्टीत झड हा कथानकाचा सर्वांत समर्थ शब्द आहे असं मी म्हणतो ते म्हणून. मुसळधार पाऊस एखाद्या प्रसंगाला पुरतो. झड माणसांना घरात डांबून ठेवते, उधारी वाढवते, बोलणी ताणते आणि निर्णय लांबवते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. शब्द मोघम असतात, आकडा नेमका असतो. एकाची रिपरिप दुसऱ्याची संततधार असू शकते. पर्जन्यमापकातले मिलिमीटर मात्र सगळ्यांना सारखे. नुकसानभरपाई द्यायची तर शब्दावर कशी देणार? हे मान्यच करावं लागेल की शब्दांची बेरीज करता येत नाही. मागच्या तीन आठवड्यांच्या रिमझिमी मिळून ७५ मिलिमीटर झाले का, हे कुठलाही शब्द सांगू शकत नाही. पण नेमका असलेला आकडा कशाबद्दल नेमका आहे, हेही विचारायला हवं. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. हवामान खातंही ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस म्हणतं. एक मिलिमीटर पाऊस एका एकरावर म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरी अडीच लाख लिटरांहून जास्त. हे पाणी चोवीस तासांत सारखं पडलं तर ताशी तीन मिलिमीटरही होत नाही, म्हणजे साधी रिपरिप. तेच पाणी दीड तासात पडलं तर बरडावरची माती खरडून जाते आणि नाल्याकाठच्या ओळीच्या ओळी झोपतात. आकडा दोन्हींना एकच नाव देतो, भाषा दोन देते. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे साडेसहाला सुरू होऊन साडेदहाला थांबलेल्या ८० मिलिमीटर पावसातले समजा चाळीस आधीच्या दिवसात आणि चाळीस नंतरच्या दिवसात नोंदले गेले, तर शेतात पूर आला असूनही नोंदीत दोन्ही दिवस अतिवृष्टीचे नाहीत.

झडीच्या बाबतीत ही फट आणखी रुंद होती. पाच दिवस रोज तीस मिलिमीटर पाऊस झाला तर दीडशे मिलिमीटर होतात, अतिवृष्टीच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त, आणि तरी त्यातला एकही दिवस अतिवृष्टीचा नसतो. पीक पिवळं पडून गेलेलं, वावर चिबडलेलं, पण कागदावर काही घडलेलंच नसे. ५ एप्रिल २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. त्याचा निकष असा की १५ जुलै ते १५ ऑक्टोबर या काळात महसूल मंडळात सलग पाच दिवस दररोज किमान दहा मिलिमीटर पाऊस व्हावा, आणि त्या काळातल्या मागच्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा तो दीडपट किंवा अधिक असावा. त्यापुढे उपग्रहाने टिपलेल्या पिकाच्या हिरवेपणाची तपासणी. हा निकष नीट वाचला तर दिसतं की शासनाने प्रमाणाच्या जोडीला मुदत मोजायला घेतली. झड या शब्दात ही मुदत पूर्वीपासून होती. आकडा शब्दाच्या जागी आला असं इथे झालेलं नाही. शब्दाने ज्या गोष्टीकडे बोट दाखवलं होतं तिच्यापर्यंत आकडा उशिरा पोचला. तो पुरता पोचला असंही नाही. चौथ्या दिवशी नऊच मिलिमीटर पाऊस झाला तर साखळी तुटते, पण भुरभुरीत ढगाळलेला तो दिवस वावराला उघाड देत नाही. नोंदीत तो खंड असतो आणि शेतात तो झडीचाच दिवस असतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. शब्द परिणामावर बेतलेला असेल तर एकाच पावसाला दोन माणसं दोन नावं देतील, मग त्याचा उपयोग काय? आपल्याच गोष्टीत हे घडतं. खालच्या काळ्या दोन एकरांना झडीने ग्रासलं आहे, तर वरच्या तीन एकर बरडाला तीच मानवते आहे. मुरमाड माती पाणी धरून ठेवत नाही. एक दिवसाआड पाऊस मिळाला तर तिथलं सोयाबीन टवटवीत राहतं, आणि आठ दिवसांची उघाड पडली तर सर्वांत आधी तेच माना टाकतं. बाप खाली उभा राहून उघाड मागतो आणि वर उभा राहून तिला भितो. पण यात शब्दाचा दोष नाही. झड हे नाव दोन्हीकडे तेच राहतं. बदलतो तो परिणामाचा शब्द. खाली चिबडलं म्हणतात, वर ओल टिकली म्हणतात. वाशीम जिल्हा पठाराच्या कण्यावर वसलेला आहे: एका अंगाचं पाणी पैनगंगेतून गोदावरीकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराला जातं, आणि दुसऱ्या अंगाचं काटेपूर्णेतून पूर्णेला, तापीला आणि अरबी समुद्राला. एवढ्या उताराच्या, पोताच्या आणि खोलीच्या रानांत पावसाचा शब्द आणि जमिनीचा शब्द असे दोन वेगळे ठेवणं ही भाषेची अचूकता आहे. कोकणात या शब्दांची घडी निराळी असते, कारण तिथे सलग आठ दिवस पाऊस ही साधी बाब आहे आणि भाताला साचलेलं पाणी हवंच असतं. म्हणूनच कोकणातल्या कथेतली संततधार उचलून मंगरुळपीर किंवा मानोऱ्याच्या कथेत ठेवली की पात्रांची काळजी चुकीच्या जागी जाते.

अलीकडे मात्र एक शब्द असा शिरला आहे की ज्याने बाकीच्यांची जागा अडवली आहे: ढगफुटी. हवामानशास्त्रात वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर ढगफुटी म्हणतात. बातम्यांत मात्र नाल्याला पूर आला, रस्ता वाहून गेला, की ‘ढगफुटीसदृश पाऊस’ लिहिलं जातं. याने दोन तोटे होतात. तासाचं मोजमाप नसताना वापरल्यामुळे शब्दातलं शास्त्र जातं. आणि पुराचं कारण आभाळातच शोधलं गेल्याने जमिनीवरची कारणं, बुजवलेले नाले, अरुंद मोऱ्या, उताराच्या दिशेने केलेली पेरणी, नजरेआड होतात. गोष्ट लिहिणाऱ्याला तर हा शब्द हाती येताच सगळं सोपं करून टाकतो. त्याच प्रसंगात ‘नदी रात्रीतून दुथडी भरली’ असं म्हटलं की निदान पाणी वरच्या गावांतून आलं की इथेच पडलं, हा प्रश्न जिवंत राहतो.

शब्दांची चढती पट्टी मानणाऱ्यांना सर्वांत कठीण जातो तो हंगामाचा शेवट. सोयाबीन नव्वद ते एकशे दहा दिवसांत पिकतं, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सोंगणीला येतं. सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो, परतीचा पाऊस तेव्हा कोसळतो, आणि तो गडगडाटी सरींचा असतो. एखादी मुसळधार सर वाळलेल्या उभ्या पिकावर आली, लगेच ऊन पडलं आणि वारा सुटला, तर शेंगा सुकतात. काही फुटतात, दाणा गळतो, पण पुष्कळसं पीक हाती लागतं. याउलट दोन-तीन दिवस नुसती भुरभुर राहिली, सकाळी धुवारी पडली, तर शेंगेतला दाणा ओल शोषतो, फुगतो आणि शेंगेतच कोंब काढतो. पावसाचा आकडा जेमतेम काही मिलिमीटर. दिवसाला अडीच मिलिमीटरही झाला नाही तर हवामान खातं त्याला पावसाचा दिवससुद्धा मानत नाही. जूनमध्ये ज्या बारीक पावसाने कोंबाला अर्ध्यावर सोडलं असतं, तोच ऑक्टोबरमध्ये नको असलेला कोंब काढून देतो. शिवाय सोंगून सुडी लावली असेल तर वरून ताडपत्री असूनही खालच्या पेंढ्यांना जमिनीची ओल चढते, सुडी आतून तापते, दाणा काळा पडतो आणि बाजार समितीत ओलावा व डागी दाणा पाहून भाव पडतो. म्हणून या दिवसांत बाप आभाळाकडे बघून पाणी किती येईल हे विचारत नाही. येऊन जाईल की लागून राहील, एवढंच विचारतो. लेक मात्र खालच्या दोन एकरांतली सोंगणी आणखी आठवडाभर लांबवावी म्हणतो, कारण चिबडलेल्या वावरातलं पीक मागे राहिलेलं आहे, दाणा अजून भरायचा आहे. आठवडा लांबवला तर ती दोन एकरं १५ ऑक्टोबरच्या पुढे जातात, आणि त्यानंतर लागलेल्या झडीसाठी सततच्या पावसाचा निकष उपयोगी पडत नाही.